क्रिएटिनिन ०.९, तरीही लघवीत अल्ब्युमिन ८६ : मूत्रपिंडाचे नेमके काय चालले आहे?

अबोली_फोंडा

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय ४७ आहे. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांना टाइप २ मधुमेह असल्याचे कळले. तेव्हा त्यांचे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ९.८ आणि क्रिएटिनिन ०.६ होते. क्रिएटिनिनवरून काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, १२४ आल्यामुळे मूत्रपिंडे उत्तम आहेत असे आम्हाला सांगण्यात आले. त्यानंतर दरवर्षी क्रिएटिनिन होत राहिले आणि ते दरवर्षी मर्यादेच्या आतच आले. यंदा आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर प्रथमच तपासायला लावले, आणि ते ८६ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आले. ३०च्या खाली हवे, असे अहवालावरच छापलेले आहे. क्रिएटिनिन आता ०.९, ईजीएफआर १०६, एचबीएवनसी ८.९ आणि रक्तदाब अॅम्लोडिपिन ५ चालू असतानाही १४८/९२ आहे. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत.

माझा प्रश्न असा, की एकाच दिवशी काढलेल्या दोन अहवालांपैकी एक म्हणतो मूत्रपिंड ठीक आहे आणि दुसरा म्हणतो त्यातून प्रथिन गळते आहे, तर यातले खरे काय मानायचे? आणि ही गळती आत्ता सुरू झाली, की सहा वर्षे आत काहीतरी चालले होते आणि आम्हाला दिसले नाही?

कुळागरवाला

ताई, घाबरून जाण्यासारखे यात काही नाही. ईजीएफआर ९०च्या वर असले की मूत्रपिंड शंभर टक्के काम करते, हे माझ्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे. मलाही बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एकदा तापात माझ्या लघवीत प्रोटीन आले होते आणि नंतर ते आपोआप गेले. साखर आटोक्यात आणा, डाळ आणि मासे थोडे कमी करा, म्हणजे लघवीतले प्रोटीनही कमी होईल. बीपीची गोळी चालूच आहे, ती ५ची १० करून घ्या. शेवटी बीपी उतरण्याशी मतलब, कोणत्या गोळीने उतरले याला महत्त्व नाही.

म्हापशाचे_लॅबकाका

मी तीस वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळेत नमुने तपासले आहेत, त्यामुळे औषधांविषयी न बोलता नमुन्याविषयी बोलतो. कुळागरवाला यांचे तापाचे म्हणणे बरोबर आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीचे फार श्रम किंवा त्या आठवड्यात फार चढलेली साखर यांपैकी काहीही असले, तर अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. म्हणूनच एका नमुन्यावरून निदान करत नाहीत. तीन ते सहा महिन्यांच्या काळात तीन नमुने द्यावे लागतात आणि त्यांतले दोन तरी वाढलेले आले, तरच ती गळती खरी धरतात. नमुना सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा असावा. दुपारी बाजार फिरून आलेला माणूस बाटली भरून देतो, तेव्हा आकडा काहीही येऊ शकतो.

दुसरी गोष्ट आपल्या जुन्या फायलीची. सहा वर्षांच्या 'युरीन रूटीन'मध्ये अल्ब्युमिनसमोर 'निल' लिहिलेले असणार, आणि ते पाहून आपल्याला वाटेल की तेव्हा काहीच नव्हते. ती तपासणी कागदी पट्टीवर होते. लघवीत बुडवल्यावर पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवट झाला, तर प्रोटीन आहे असे म्हणतात. पण ८६सारख्या आकड्याला तो चौकोन बहुतेक वेळा पिवळाच राहतो. तो ठळकपणे हिरवा होईपर्यंत गुणोत्तर ३००च्या आसपास गेलेले असते. म्हणजे 'निल' याचा अर्थ पट्टीला दिसले नाही, एवढाच आहे.

पेडण्याची_सून

माझ्या सासूबाईंनाही हेच झाले आहे, म्हणून विचारते. प्रोटीन लघवीतून जाते, तर ते भरून काढायला अंडी आणि प्रोटीन पावडर द्यायची का? आम्ही दोन महिने देत आहोत. त्यांचे वय ६८, मधुमेह वीस वर्षांचा आहे. पायांना सूज आहे, क्रिएटिनिन २.४ आहे आणि लघवीचे ते गुणोत्तर २१०० आले होते. एक गोष्ट मात्र चांगली झाली आहे, त्यांची साखर आपोआप सुधारली आहे. पूर्वी सकाळी २४ युनिट इन्सुलिन लागायचे, आता १४ युनिटवरही कधीकधी साखर ७०च्या खाली जाते.

झुआरीकाठ

मी मूत्रपिंडविकारांवर उपचार करतो. अबोलीताईंना सविस्तर लिहीनच, पण पेडण्याच्या ताईंना आधी सांगणे तातडीचे आहे. सासूबाईंची साखर सुधारलेली नाही. शरीरातल्या इन्सुलिनचा बराच भाग मूत्रपिंडे मोडून बाहेर काढतात. मूत्रपिंडे मंदावली की टोचलेले इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकते, आणि म्हणून तेवढ्याच मात्रेत साखर अधिक खाली जाते. या वयात रात्री झोपेत साखर ५०वर आली, तर ते फार घातक ठरू शकते. इन्सुलिनची मात्रा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून ठरवून घ्या. पावडर बंद करा, रोजचे साधे जेवण चालू ठेवा. लघवीतून अल्ब्युमिन जाते, कारण गाळणीची भिंत फाटकी झाली आहे. ताटात प्रोटीन वाढवले, तर त्या गाळणीवरचा भार तेवढा वाढतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अबोलीताई, आपले दोन्ही अहवाल खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेले ईजीएफआर हे दर मिनिटाला किती पाणी गाळले जाते, ते सांगतात. अल्ब्युमिन सांगते की ज्या भिंतीतून ते गाळले जाते, ती भिंत शाबूत आहे की नाही. मधुमेहात सुरुवातीची काही वर्षे या दोन गोष्टी उलट दिशांना जातात, म्हणजे गाळणे वाढलेले असते आणि भिंत झिजत असते.

हे का होते, ते आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, मानशीच्या दरवाजांवरून समजेल. भरतीचे पाणी आत येण्याचा दरवाजा सताड उघडा ठेवला आणि ओहोटीला बाहेर पडण्याचा अर्धा लावला, तर आतले पाणी चढते, बांधावर दाब येतो आणि बांध पाझरू लागतो. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला अशीच आत येणारी एक आणि बाहेर जाणारी एक बारीक रक्तवाहिनी असते. रक्तात साखर जास्त असली की गाळलेल्या पाण्यातही ती जास्त उतरते, आणि पुढच्या नळीतल्या पेशी ती साखर परत शोषून घेतात. ही साखर एकटी शोषली जात नाही, तिच्याबरोबर सोडियमही शोषले जाते. त्यामुळे नळीत पुढे जिथे मीठ किती आले हे पाहणाऱ्या पेशी आहेत, तिथे मीठ कमी पोहोचते. त्या पेशींची समजूत अशी होते की गाळणे कमी पडले आहे, आणि त्या आत येणारी रक्तवाहिनी मोकळी सोडतात. त्याच वेळी अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बाहेर जाणारी रक्तवाहिनी आवळून धरते. गाळणीच्या आतला दाब वाढतो, गाळणे वाढते, क्रिएटिनिन ०.६ येते आणि सगळे खूश होतात.

एक्केचाळिसाव्या वर्षी ईजीएफआर साधारणपणे शंभरच्या आसपास असते. आपल्या यजमानांचे १२४ होते. त्या वेळी एचबीएवनसी ९.८ होते, हे लक्षात घेता तो आकडा उत्तम प्रकृतीचा नसून वाढलेल्या दाबाचा असावा, असे मला वाटते. पुढच्या सहा वर्षांत तो १२४वरून १०६वर आला, म्हणजे वर्षाला तीनने घसरला. वयाबरोबर होणारी घट वर्षाला एकाच्या आसपास असते. म्हणजे आकडा मर्यादेच्या आत राहूनच घसरत होता, आणि प्रत्येक अहवाल सुटा पाहिला तर तो निर्दोष दिसत होता. अहवाल ओळीने लावून पाहिले, तरच ही घसरण दिसते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच असे आहे, की आत बराच काळ काहीतरी चालले होते.

या काळात भिंतीचे काय होते? दाबाने आणि साखरेने गाळणीचा पडदा जाड होतो, आणि त्याला बाहेरून बोटांसारख्या फांद्यांनी कवटाळून बसलेल्या पेशी ताणल्या जाऊन गळून पडतात. या पेशी सहसा नव्याने तयार होत नाहीत. त्या जिथे जिथे गेल्या, तिथून अल्ब्युमिन निसटते. गुणोत्तर ३० ते ३०० असते, तेव्हा झीज झालेली असते पण दाब उतरवला तर पुढची झीज रोखता येते. ३००च्या पुढे गेल्यावर घसरणीचा वेग बहुधा वाढतो. पेडण्याच्या ताईंच्या सासूबाई याच वाटेवर बऱ्याच पुढे गेलेल्या आहेत.

कुळागरवाला यांच्या दोन गोष्टींशी मी सहमत नाही. ईजीएफआर ९०च्या वर आणि अल्ब्युमिन ८६ असेल, तर मूत्रपिंड शंभर टक्के ठीक आहे असे म्हणता येत नाही. आणि कोणत्या गोळीने दाब उतरतो याला इथे फार महत्त्व आहे. अॅम्लोडिपिन दंडावरचा रक्तदाब चांगला उतरवते, पण ती आत येणारी वाहिनीच अधिक मोकळी करते, त्यामुळे गाळणीतला दाब त्या प्रमाणात उतरत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, इर्बेसार्टन किंवा रॅमिप्रिल या गोळ्या अँजिओटेन्सिनला अडवून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. अल्ब्युमिन त्यामुळे कमी होते. अॅम्लोडिपिन वाईट नाही, दुसरी गोळी म्हणून ती आम्ही सर्रास देतो, पण अल्ब्युमिन असताना ती एकटी पुरेशी नाही.

खाजन_बांध

डॉक्टर, या विषयावर मी बरेच वाचले आहे, कारण माझ्या वडिलांना हाच आजार होता. दोन शंका आहेत. एक म्हणजे ईजीएफआरचे सूत्र १००च्या वर फारसे विश्वासार्ह नसते असे मी वाचले आहे, मग १२४ या आकड्यावर एवढा भर द्यावा का? कमी स्नायू असलेल्या माणसाचे क्रिएटिनिनही ०.६ येते. दुसरे म्हणजे, प्रत्येक वाढलेल्या गाळणीचा शेवट गळतीतच होतो, हे सिद्ध झाले आहे का?

झुआरीकाठ

दोन्ही शंका योग्य आहेत. सूत्र त्या पट्ट्यात सैल आहे, हे खरे. सुटा १२४ मला कोणी दाखवला असता, तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. पण तीच प्रयोगशाळा, तेच सूत्र, स्नायू घटण्याचे काही कारण नाही आणि सहा वर्षांत ०.६चे ०.९ झाले, शिवाय अल्ब्युमिन आले. हे सगळे एकत्र पाहिल्यावर निष्कर्ष बदलतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. गाळणे वाढण्यापासून ते मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंतचे टप्पे डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी १९८३ साली मांडले आणि ते प्रामुख्याने टाइप १ मधुमेहाचे होते. टाइप २ मध्ये वजन, जुना रक्तदाब आणि वय यांची भेसळ असते, त्यामुळे रुग्ण त्या टप्प्यांनी ओळीने जातोच असे नाही. काहींचे ईजीएफआर अल्ब्युमिन न येताच घसरते. काहींचे अल्ब्युमिन परत खाली येते : बॉस्टनच्या जोस्लिन केंद्रातल्या टाइप १च्या ३८६ रुग्णांचा पाठपुरावा २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यांच्यापैकी ५८ टक्क्यांचे सुरुवातीचे अल्ब्युमिन सहा वर्षांत लक्षणीय कमी झाले होते. ज्यांचे एचबीएवनसी ८च्या खाली आणि रक्तदाब कमी होता, त्यांच्यात हे अधिक घडले. म्हणून ८६ हा आकडा मला निराश करत नाही.

कुळागरवाला

डॉक्टर, मग साखरेचे काय? तुम्ही सगळे दाबावरच घातलेत. मला तर साखर आटोक्यात ठेवा एवढेच आजवर सांगण्यात आले.

झुआरीकाठ

साखर मुळाशी आहेच, कारण आत येणारा दरवाजा तिनेच उघडला. पण तिचा परिणाम दिसायला वेळ लागतो. १९९३ साली पूर्ण झालेल्या डीसीसीटी या अमेरिका आणि कॅनडातील अभ्यासात टाइप १च्या १४४१ रुग्णांपैकी अर्ध्यांचे एचबीएवनसी ७च्या आसपास आणि उरलेल्यांचे ९च्या आसपास राहिले. पहिल्या गटात लघवीत अल्ब्युमिन नव्याने येण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर ८च्या आसपास जवळजवळ सारखी झाली, तरी पुढची कित्येक वर्षे पहिल्या गटाची मूत्रपिंडे अधिक चांगली राहिली. सुरुवातीच्या वर्षांतली साखर आतल्या भिंतीत कोरलेली राहते, असा मी त्याचा अर्थ घेतो, आणि म्हणूनच निदान झाल्यावरची पहिली पाच-सहा वर्षे ढिलाईत गेली तर मला वाईट वाटते.

रक्तदाबाचा परिणाम मात्र लवकर दिसतो. इर्बेसार्टनचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अबोलीताईंच्या यजमानांसारख्याच, म्हणजे टाइप २ आणि थोडे अल्ब्युमिन असलेल्या ५९० रुग्णांवर होता. दोन वर्षांत उघड प्रोटीन येण्याच्या टप्प्यावर पोहोचलेले रुग्ण औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १४.९ टक्के होते, तर ३०० मिलिग्रॅम इर्बेसार्टन घेणाऱ्यांत ५.२ टक्के. १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ते ९.७ टक्के होते, म्हणून गोळी सोसेल तेवढ्या पूर्ण मात्रेपर्यंत न्यावी लागते. विशेष म्हणजे गटांमधल्या रक्तदाबात फारसा फरक नव्हता, म्हणजे फायदा दंडावरच्या दाबाच्या पलीकडचा होता.

अबोली_फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. लॅबकाकांच्या सांगण्याप्रमाणे सकाळच्या पहिल्या लघवीचे आणखी दोन नमुने दिले, ते ११२ आणि ७४ आले. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही झाली. त्यात सुरुवातीचे बारीक बदल दिसले, तेव्हा हे मधुमेहाचेच असावे असे डॉक्टर म्हणाले. अॅम्लोडिपिन थांबवून टेल्मिसार्टन ४० सुरू केले आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासले. त्यात क्रिएटिनिन ०.९चे १.० झाले आणि ईजीएफआर १०६वरून ९३वर आले. पोटॅशियम ४.६ आहे. गोळीने सहा वर्षांत झाली त्याच्या जवळपास तेवढी घसरण दोन आठवड्यांत झाली, हे पाहून मला रात्रभर झोप आली नाही.

कुळागरवाला

मी हेच सांगत होतो. या गोळ्या मूत्रपिंडावर बसतात. ताबडतोब बंद करा आणि जुनी गोळी सुरू करा. माझ्या शेजाऱ्यांचीही अशीच बंद केली होती.

झुआरीकाठ

कृपया बंद करू नका. बाहेर जाणारी वाहिनी सैल झाली, आतला दाब उतरला, म्हणून गाळणे थोडे कमी झाले. गोळी लागू पडल्याची ही खूण आहे. ही घट आणि झिजेमुळे होणारी घट यांत फरक असा, की ही सुरुवातीच्या काही आठवड्यांत होते आणि तिथेच थांबते. गोळी थांबवली तर आकडा बहुधा पुन्हा वर येतो, पण त्याबरोबर दाबही परत येतो. आपली घट बारा टक्क्यांच्या आसपास आहे. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढले तरी आम्ही गोळी चालू ठेवतो आणि पुन्हा तपासतो.

त्याहून जास्त वाढले तर मात्र कारण शोधावे लागते. रुग्णाला जुलाब झालेले असतात, किंवा कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून रोज घेतलेले असते, क्वचित मूत्रपिंडाकडे जाणारी मोठी धमनीच अरुंद झालेली असते. कुळागरवाला यांच्या शेजाऱ्यांचे कोणत्या कारणाने बंद केले, ते पाहिल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. पोटॅशियम ५.५च्या वर गेले असेल, तर तो निर्णय योग्यही असू शकतो.

एक विचारतो. यजमानांच्या जेवणात मीठ किती असते?

अबोली_फोंडा

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तिच्याबरोबर तोर किंवा मिस्कूट, पावसाळ्यात सुका बांगडा किंवा सुकी सुंगटे. दुपारी हुमण-भात. वेगळे मीठ आम्ही वरून घेत नाही.

झुआरीकाठ

वरून घेण्याची गरजच उरत नाही. खाऱ्यातल्या कैरीत आणि सुक्या बांगड्यात जे मीठ मुरलेले असते, त्याने दिवसाचे पाच ग्रॅम सकाळच्या पेजेबरोबरच भरू शकतात. मीठ भरपूर असले, तर टेल्मिसार्टनचा अल्ब्युमिनवरचा परिणाम बराच बोथट होतो. ४०ची ८० करण्यापूर्वी मी रुग्णाला आधी खारे थांबवायला सांगतो. पेज राहू द्या, तिच्याबरोबर ताज्या नारळाची चटणी किंवा बिनमिठाची भाजी घ्या. सुके नुस्ते आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देऊन.

कुळागरवाला

आमच्याकडे कमी सोडियमचे मीठ आणतात. ते वापरले तर चव राहील आणि बीपीही उतरेल.

झुआरीकाठ

निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला ते उपयोगी आहे. पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते, आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवते. अबोलीताईंच्या यजमानांना ४.६वर लगेच धोका होईल असे नाही, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पेडण्याच्या ताईंच्या घरात मात्र ते अजिबात नको.

पेडण्याची_सून

डॉक्टर, सासूबाईंना दाखवून आणले. इन्सुलिन १४चे ८ युनिट केले आणि पावडर बंद केली. त्यांना टेल्मिसार्टन द्यावे की नाही, यावर मात्र आमचे दोन डॉक्टर वेगवेगळे बोलत आहेत, कारण पोटॅशियम ५.३ आहे.

झुआरीकाठ

त्यावर इथून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. २१०० अल्ब्युमिनवर त्या गोळीचा फायदा मोठा आहे आणि ५.३वर धोकाही खरा आहे. कमी मात्रेत सुरू करून, शहाळे आणि फळांचे रस थांबवून, आठवड्याने पोटॅशियम तपासण्याची तयारी असेल तर काही जण देतात, काही जण देत नाहीत. जे डॉक्टर आठवड्याने नक्की तपासू शकतात, त्यांच्या हाती हे सोपवा.

अबोली_फोंडा

साधारण चार महिन्यांनंतर परत लिहीत आहे. टेल्मिसार्टन ८० झाले, अॅम्लोडिपिन ५ पुन्हा जोडीला आले. घरी सकाळ-संध्याकाळ बसून, पाच मिनिटे शांत राहून घेतलेल्या रक्तदाबाची सरासरी १२७/७८ आहे. रात्री साखर उतरत होती म्हणून ग्लिमेपिराइड कमी केले, जेवणाच्या वेळा बांधून घेतल्या, एचबीएवनसी ८.९वरून ७.४वर आले. क्रिएटिनिन १.०वरच थांबले आहे. अल्ब्युमिन ३८ आले. आता डॉक्टर डॅपाग्लिफ्लोझिन सुरू करायचे म्हणतात, आणि यजमान म्हणतात की सगळे सुधारत असताना आणखी एक गोळी कशाला.

खाजन_बांध

यजमानांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. या गोळीचा मूत्रपिंडासाठी २०२० साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास गुणोत्तर २००च्या वर आणि ईजीएफआर २५ ते ७५ असलेल्या रुग्णांवर होता. ३८ आणि ९३ असलेला माणूस त्यात बसला नसता. शिवाय रक्तदाब १२७ पुरेसा आहे का, यावरही एकमत नाही. काही मार्गदर्शक सूचना १३०च्या खाली म्हणतात, किडनीवाल्यांची २०२१ची सूचना काळजीपूर्वक मोजलेला दाब १२०च्या खाली असावा म्हणते.

झुआरीकाठ

खाजन_बांध यांचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. १२०पर्यंत मी या वयाच्या आणि चक्कर न येणाऱ्या रुग्णाला नेण्याचा प्रयत्न करतो, पण ६८ वर्षांच्या बाईंना नेणार नाही. माझ्या ओळखीचे चांगले डॉक्टर १३०वर थांबतात आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही.

डॅपाग्लिफ्लोझिनविषयी माझे मत ती घ्यावी असे आहे, आणि त्याचे कारण या धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेली यंत्रणा आहे. टेल्मिसार्टनने बाहेरचा दरवाजा सैल झाला, आत येणारा अजून सताडच आहे. ही गोळी नळीत साखर आणि सोडियम परत शोषू देत नाही, त्यामुळे पुढच्या पेशींना मीठ पुन्हा दिसते आणि त्या आत येणारी वाहिनी आवळून घेतात. सुरू केल्यावर ईजीएफआर आणखी तीन-चारने उतरेल, तेव्हा मागच्यासारखे घाबरू नका. पण एवढ्या सुरुवातीच्या अवस्थेत वीस वर्षांनी किती फायदा होतो, याचा थेट पुरावा अजून नाही, त्यामुळे यजमानांनी विचार करून ठरवले तर तेही रास्त आहे. ३०च्या खाली येण्यासाठी नुसते खारे बंद ठेवून आणखी तीन महिने पाहता येतील.

अबोली_फोंडा

ते घ्यायला तयार झाले, तर आणखी एक विचारायचे होते. यजमान दोन्ही एकादशी निर्जळी करतात. त्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या?

झुआरीकाठ

निर्जळी उपवासात डॅपाग्लिफ्लोझिन घेऊ नये. ती लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकत राहते, आणि पोटात काही नसताना रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. अशा वेळी साखर तपासली तर ती फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळे मळमळ, पोटदुखी आणि धाप यांचे कारण लवकर लक्षात येत नाही. आदल्या दिवशीपासून ती थांबवून जेवण पूर्ववत झाल्यावर सुरू करावी. उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडही टाळावे, नाहीतर साखर उतरेल. उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर टेल्मिसार्टन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन तिन्ही थांबवायच्या आणि चोवीस तासांत खाणे-पिणे सुरळीत झाले नाही, तर रुग्णालयात जाऊन क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचे. हे सगळे त्यांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि गोळ्यांच्या डब्यातच ठेवा.